काही राहून गेलं असल्यास क्षमस्व

नोकरी सोडून जाणारा माणूस शेवटच्या दिवशी सगळ्या ऑफिसला जो निरोपाचा ई-मेल पाठवतो, त्याच्याविरुद्ध माझी तक्रार आहे. त्या माणसाविरुद्ध नाही. माणूस बहुधा चांगलाच असतो. वाईट माणसं निरोपाचा ई-मेल पाठवतच नाहीत. ती नुसती जातात, आणि त्यांच्याबरोबर टेबलावरचा स्टेपलरही जातो. माझी तक्रार आहे ती त्या मजकुराविरुद्ध. तो शुद्ध असतो, प्रेमळ असतो, आणि त्यात काहीही नसतं.

पूर्वी माणूस बँकेची शाखा सोडून जायचा तेव्हा दोन गोष्टी व्हायच्या. एक, निरोप समारंभ. त्यात समोसा, वेफर्स, नारळ, आणि ज्यांनी त्या माणसाला आयुष्यात कधी रजा मंजूर केली नाही त्यांनी केलेलं त्याच्या कर्तव्यदक्षतेचं कौतुक. दुसरी गोष्ट म्हणजे चार्ज देणं. जाणारा आणि येणारा समोरासमोर बसायचे. चाव्या, रजिस्टरं, अडकलेली कागदपत्रं एकेक करून दाखवायची, खाली एकानं ‘दिला’ आणि दुसऱ्यानं ‘घेतला’ म्हणून सही करायची. समारंभात रडू यायचं, चार्ज देताना घाम यायचा. दोन्ही द्रव वेगळे ठेवण्याची पद्धत होती.

ई-मेल आला आणि हे दोन्ही एकत्र झालं, असं लोकांना वाटू लागलं. प्रत्यक्षात समारंभ ई-मेलात शिरला आणि चार्ज बाहेरच राहिला. कागदावर चार्ज आजही द्यावा लागतो; पण ज्या दिवशी तो द्यायचा, तो दिवस फोटो काढण्यात जातो.

आमच्या शेजारच्या काउंटरवरचे एक सहकारी मध्यंतरी दुसऱ्या बँकेत गेले. त्यांच्याकडे मयत खातेदारांचे दावे होते. गोड माणूस, अक्षर सुंदर, आवाज चढलेला कुणी ऐकला नाही. शुक्रवारी संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटांनी त्यांचा ई-मेल आला. मराठीत आला हे विशेष, कारण आमच्याकडे निरोप इंग्रजीत घेतात आणि भांडणं मराठीत करतात. मजकूर असा होता:

“प्रिय सहकाऱ्यांनो, आज या शाखेतला माझा शेवटचा दिवस. गेल्या सहा वर्षांत इथं खूप काही शिकायला मिळालं. सहकारी मिळाले, मित्र मिळाले, एक कुटुंबच मिळालं. या प्रवासात कळत-नकळत काही चुका झाल्या असल्यास, कुणाचं मन दुखावलं गेलं असल्यास, किंवा काही राहून गेलं असल्यास क्षमस्व. हा पूर्णविराम नव्हे, स्वल्पविराम आहे. संपर्कात राहूच.”

वाचून आमच्या मॅनेजरसाहेबांनी चष्मा पुसला. एकही ऱ्हस्व-दीर्घ चुकलेला नव्हता. मीसुद्धा दोनदा वाचला. पण मी पडलो कॉमर्सचा. मजकूर सुंदर असला की मला लगेच तो दोन्ही बाजूंनी मांडून बघावासा वाटतो.

पहिल्याप्रथम ‘मिळणे’ हे क्रियापद घ्या. शिकायला मिळालं, सहकारी मिळाले, मित्र मिळाले, कुटुंब मिळालं. सहा ओळींत चार वेळा जमा. आता दुहेरी नोंदीच्या पद्धतीत एका बाजूला जमा पडली की दुसऱ्या बाजूला नावे पडावंच लागतं, नाहीतर खतावणी जुळत नाही. ‘मी अमुक दिलं, अमुक यांच्या हवाली केलं’ अशी एक तरी नोंद हवी की नको? नाही. सगळं मिळालं, दिलं काहीच नाही. असा ताळेबंद घेऊन कुणी आमच्याकडे कर्ज मागायला आला असता तर त्याला चहाही विचारला नसता.

पुढचं वाक्य बघा. ‘काही चुका झाल्या असल्यास.’ शाळेत कर्ता ओळखायला शिकवलं होतं, तो इथं ओळखा. होणारं कोण? चुका. म्हणजे या वाक्यात कर्ता कोण? चुकाच! व्याकरणात तसूभरही खोट नाही. चुका स्वतः सकाळी दहा वाजता आल्या, सही केली, झाल्या, आणि पाच वाजता घरी गेल्या. आमच्या सहकाऱ्यांचा त्यांच्याशी संबंध एवढाच की ते त्या वेळी तिथं बसले होते.

आणि आता मुख्य वाक्य. ‘काही राहून गेलं असल्यास.’ राहून कोण गेलं? ‘काही’. हे ‘काही’ इथं सर्वनाम आहे. सर्वनाम नामाऐवजी येतं, एवढं प्राथमिक शाळेत छडी खाऊन पाठ केलेलं आहे. मग माझा सरळ प्रश्न असा की ज्याच्याऐवजी हे ‘काही’ आलं, ते नाम कुठं आहे?

ते नाम टेबलाच्या डाव्या बाजूच्या दुसऱ्या खणात होतं. खाकी पाकिटात.

सोमवारी एक आजी आल्या. त्यांचे यजमान वारले होते. मुदत ठेव एकट्या यजमानांच्या नावावर होती आणि नॉमिनी म्हणून आजींचं नाव लावलेलं होतं. हे प्रकरण खरं म्हणजे सोपं. नॉमिनेशन असलं की बँकेला वारसाचा दाखला लागत नाही, जामीनदार लागत नाहीत. दाव्याचा फॉर्म, मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीची ओळख पटवणारा कागद, एवढ्यावर काम होतं. कागद पूर्ण हाती आल्यापासून १५ दिवसांत दावा निकाली काढावा असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे.

अडचण एकच होती. नॉमिनेशनच्या नोंदीत आजींचं सासरी ठेवलेलं नाव होतं आणि आधार कार्डावर माहेरचं. मग दोन्ही नावांची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करून आणा म्हणून आमच्या सहकाऱ्यांनी त्यांना सांगितलं होतं, आणि ते बरोबरच होतं. आजींनी नातवाला बरोबर घेऊन ते केलं, आणि मागच्या बुधवारी सगळे कागद पाकिटात घालून सहकाऱ्यांच्या हातात दिले. त्यांनी ते दुसऱ्या खणात ठेवलं आणि ‘आठवड्यात होईल, आजी’ असं सांगितलं. पोच घेतली का? नाही. एवढ्या गोड माणसाकडे पोच कोण मागणार! (वाचकहो, एवढं माझं ऐका: माणूस जितका गोड, तितकी पोच आवश्यक. तारखेचा शिक्का मारून घ्या. गोडवा बदली होऊन जातो, शिक्का राहतो.)

सहकाऱ्यांच्या खुर्चीवर आता एक नवीन मुलगी बसली होती. ती गुरुवारी रुजू झालेली. शिकून घ्यायला तिला शुक्रवारचा एक दिवस मिळाला, त्यातले दोन तास शुभेच्छापत्रावर सह्या गोळा करण्यात गेले. तिनं आजींचं प्रकरण कॉम्प्युटरवर बघितलं. दाव्याची नोंद होती, प्रतिज्ञापत्राची नव्हती.

“आजी, नावात फरक आहे. प्रतिज्ञापत्र करून आणावं लागेल.”

“अगं, दिलंय की. इथंच बसायचे बघ ते चष्म्याचे साहेब, त्यांच्याकडे.”

“ते गेले, आजी.”

आजींनी छातीवर हात ठेवला. “अगं बाई! कधी? बुधवारी तर चांगले होते!”

आम्ही हसलो, खोटं कशाला बोलू. आजीही नंतर हसल्या. पण पंधरा दिवसांपूर्वी नवरा गेलेल्या बाईला ‘ते गेले’ या दोन शब्दांचा दुसरा अर्थ चटकन कुठून सुचणार? आजी रिक्षा करून परत गेल्या. पुन्हा गुरुवारी आल्या, पुन्हा त्याच्या पुढच्या सोमवारी. मुदत ठेवीच्या पैशांतून हॉस्पिटलचं बिल द्यायचं होतं, आणि ते जावयानं तूर्त भरलेलं होतं. जावयाचं देणं हे सावकाराच्या देण्यापेक्षा जड, हे वेगळं सांगायला नको.

आता तुम्ही म्हणाल, सहकाऱ्यांना विचारायचं होतं. विचारलं की! ‘संपर्कात राहूच’ असं त्यांनी लिहिलं होतं ना? त्याच ई-मेलला उत्तर पाठवलं. ते जसंच्या तसं परत आलं. कारण माणूस कार्यमुक्त झाला की त्याचा ऑफिसचा ई-मेल बंद होतो. ५ वाजून ४० मिनिटांनी संपर्कात राहण्याचं वचन दिलं आणि ६ वाजता संपर्काचं साधनच बंद पडलं. मोबाइल नंबर ई-मेलात नव्हता, आणि आमच्याकडे होता तो बँकेच्या खर्चानं चालणारा नंबर; तोही बँकेलाच परत गेलेला.

बरं, नवीन मुलगी हुशार होती. तिनं शुक्रवारी संध्याकाळीच त्या निरोपाला उत्तर म्हणून विचारलं होतं: “सर, पेंडिंग दाव्यांची पाकिटं कुठं आहेत?” पण तो प्रश्न कुणाला दिसला नाही. त्याचं गणित सांगतो. निरोप गेला तो ४० जणांच्या यादीला. त्यातल्या २५ जणांनी ‘ऑल द बेस्ट’ म्हटलं, आणि प्रत्येकानं ते ‘रिप्लाय ऑल’ दाबून म्हटलं. पंचवीस गुणिले चाळीस, म्हणजे एका माणसाच्या निरोपापायी शाखेत आणि विभागीय कार्यालयात मिळून १००० ई-मेल पडले. त्यात फुलांचे गुच्छ, हात जोडलेले, नाचणारे अस्वल, सगळं आलं. मुलीचा प्रश्न एका गुच्छाच्या आणि अस्वलाच्या मध्ये चेंगरून मेला.

हा प्रकार काही आमच्यापुरता नाही. २०१६ साली इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत चाचणीचा एक ई-मेल चुकून आठ लाखांवर माणसांना गेला. तेव्हा ‘मला या यादीतून काढा’ असं लोक सर्वांना उत्तर देऊन सांगू लागले, आणि सगळं टपाल तुंबलं. उपाय साधा आहे. पत्ते लिहिताना ‘बीसीसी’ नावाचा एक रकाना असतो. यादी त्यात टाकली की उत्तर फक्त पाठवणाऱ्याकडे जातं. पण तो रकाना म्हणजे आमच्या शाखेतलं आग विझवायचं यंत्र आहे. भिंतीवर आहे हे सगळ्यांना माहीत, हात कुणी लावलेला नाही.

पाकीट शेवटी शिपाईमामांना सापडलं. खणात दोन जुन्या डायऱ्या होत्या, त्यांच्याखाली. बुधवारी दिलेलं पाकीट पुढच्या-पुढच्या मंगळवारी निघालं, म्हणजे १५ दिवसांतले १३ संपलेले. मुलीनं जेवण बाजूला ठेवून काम केलं आणि गुरुवारी, पंधराव्या दिवशी, आजींच्या खात्यात पैसे जमा झाले. नियमात बसलं. विवरणपत्रात ‘विलंब नाही’ अशी नोंद झाली. आजींच्या तीन खेपांसाठी त्या विवरणपत्रात रकाना नाही.

माझा मुद्दा एवढाच आहे की त्या सुंदर ई-मेलात ‘काही’ या सर्वनामाच्या जागी नाम लिहिलं असतं, तर यातलं काहीही झालं नसतं. ‘मयत दाव्यांची तीन पाकिटं डाव्या बाजूच्या दुसऱ्या खणात आहेत.’ मोजा, आठ-नऊ शब्द. ‘या प्रवासात कळत-नकळत काही चुका झाल्या असल्यास’ यालाही जवळपास तेवढेच लागले होते.

यावर सुशिक्षित मंडळी म्हणतात, “अहो, कामाची यादी वेगळी असते. ती मॅनेजरला देतात. निरोपाच्या पत्रात खण कुठं आणता?” मान्य. यादी वेगळी असावी, सविस्तर असावी, सहीनिशी असावी. पण ती मॅनेजर एकटे वाचतात, आणि तेही वाचतातच असं नाही. निरोपाचा ई-मेल मात्र चाळीसच्या चाळीस जण वाचतात, कारण आपलं नाव आलंय का हे बघायचं असतं. जे पत्र सगळे वाचणार, त्याच पत्रात कामाचं काही नसावं, हा कुठला हिशेब?

दुसरी मंडळी म्हणतात, “गिऱ्हाइकांची माहिती अशी सर्वांना पाठवायची नसते.” हेही शंभर टक्के खरं, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. नावं नकोत, खाते क्रमांक नकोत, पासवर्ड तर मरतानासुद्धा सांगू नये. पण खणाला काही गुप्ततेचा कायदा लागत नाही. वस्तू कुठं आहे आणि उद्यापासून कुणाला विचारायचं, एवढं सांगायला कुणाचंही नाव फोडावं लागत नाही.

तिसरी मंडळी मात्र हळवी असतात. त्यांचं म्हणणं, निरोपाच्या वेळी खण आणि पाकिटं आणली की ओलावा जातो. या मंडळींसाठी मी आमच्या हेड कॅशियर मॅडमचा ई-मेल जपून ठेवला आहे. त्या निवृत्त झाल्या गुरुवारी आणि त्यांनी ई-मेल पाठवला मंगळवारी. दोन दिवस आधी, म्हणजे कुणाला काही विचारायचं तर मॅडम अजून खुर्चीवर. कॉम्प्युटरवर मराठी टाइप करायची त्यांना सवय नव्हती. तो ई-मेल जसाच्या तसा देतो:

“सर्वाना नमस्कार. माझी गुरुवारी शेवटचा दिवस आहे. चाव्या रजिस्टर मधे सही करून दीलेल्या आहे. नोटा मोजायचे मशीन जास्त मोजत असल तर मशीनला शीव्या देउ नये, आत धुळ बसते. ब्रश वरचा खणात. रेकॉर्डरूम चे दार पावसात फूगते, खालुन लाथ मारणे. फाटक्या नोटांच रजिस्टर आता नवीन मॅडम बघतील, त्याना तीन दीवस शीकवलय, छान करतात. एक तारखेला पेन्शनचे एक आजोबा येतात त्याना उजव्या कानाने एकु येत नाही, डाव्या बाजुनी बोलावे. ते ओरडतात पण रागावलेले नसतात. चहाचे माझे ४० रू. बाकी होते ते दिले. माझा घरचा नंबर नोटीस बोर्डावर लावला आहे, दुपारी १ ते ३ झोपते. काळजी घ्या.”

यातल्या शुद्धलेखनाच्या चुका मी मोजायला लागलो आणि दहाच्या पुढं नाद सोडून दिला. ‘माझी शेवटचा दिवस’ या लिंगभेदावर तर एखादा वैयाकरण उपोषणाला बसेल. पण या ई-मेलात प्रत्येक क्रियापदाला कर्ता आहे. फुगतं ते दार आहे. बघणार त्या नवीन मॅडम आहेत. झोपणार त्या स्वतः आहेत, आणि कधी झोपणार तेही लिहिलं आहे. ‘काही’ हा शब्द शोधून सापडत नाही.

आणि ओलाव्याचं म्हणाल, तर ते आजोबा पुढच्या एक तारखेला आले. नवीन मॅडम काउंटरच्या डावीकडून वाकून त्यांच्याशी बोलल्या. आजोबा नेहमीप्रमाणे ओरडले, “तुम्हाला कुणी सांगितलं या कानाचं?” मॅडम म्हणाल्या, “आधीच्या बाईंनी लिहून ठेवलंय.” त्यावर आजोबा बराच वेळ काही ओरडले नाहीत. हळव्या मंडळींनी मला सांगावं, ‘एक कुटुंबच मिळालं’ या वाक्यानं आजवर कुणाला इतका वेळ गप्प बसवलं आहे?

सहकारी वाईट आणि मॅडम चांगल्या, असं माझं म्हणणं नाही. सहकाऱ्यांनीही आजींची नड ओळखूनच पाकीट वेगळं काढून ठेवलं होतं. लिहायला बसल्यावर मात्र त्यांनी डोळ्यांसमोर पाकीट न आणता निरोपाचा नमुना आणला. हे नमुने हल्ली तयार मिळतात. आमच्याच एका कर्जविभागाच्या साहेबांचा निरोप ‘प्रिय (विभागाचे नाव) परिवार’ असा सुरू झाला होता, कंसासकट. त्या कंसात नाव घालायचं राहून गेलं होतं. त्याबद्दलही शेवटी क्षमस्व होतंच.

तेव्हा माझी मागणी अगदी मर्यादित आहे. जाणाऱ्यानं ई-मेल शेवटच्या संध्याकाळी न पाठवता दोन-तीन दिवस आधी पाठवावा. यादी बीसीसीत टाकावी. शेवटचा दिवस कोणता, आपलं कुठलं काम उद्यापासून कोण बघणार, अर्धवट काय राहिलं आणि ते कुठं ठेवलं, आणि बँकेनं परत न घेतलेला आपला एक नंबर, एवढं लिहावं. मग खुशाल रडावं, स्वल्पविराम, अर्धविराम, हवे ते विराम टाकावेत. शुद्धलेखनही पाळावं, माझा शुद्धलेखनावर राग नाही. फक्त शुद्ध वाक्यात नाम असावं, एवढंच.

आणि ‘काही राहून गेलं असल्यास क्षमस्व’ हे वाक्य लिहायची फारच हुक्की आली, तर लिहिण्यापूर्वी एकदा खण उघडून बघावा. राहिलं असेल तर ते काय आहे ते लिहावं. राहिलं नसेल तर क्षमा कशाची मागताय?